दुकानदारांना टाकाऊ सामान मागणारं पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शाळा जिल्हा परिषदेची, तालुक्याच्या गावातली. बाजारपेठ चालत दहा मिनिटांवर. सहावी-सातवीची मिळून चाळीस मुलं, त्यांच्यासाठी दुकानांतून गोळा केलेल्या सामानातून विज्ञान प्रयोगांच्या आठ पेट्या मी बनवल्या. केंद्रातल्या शिक्षकांनी त्या पाहिल्यापासून ‘ते पत्र पाठवा ना’ असे फोन येतात. पत्र पाठवलं की आठवड्याने प्रश्न येतात आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते.

पेटीत नेमकं काय असतं?

एका पेटीवर पाच मुलं काम करतात. आत एक चुंबक, इनॅमल लावलेली तांब्याची तार, सायकलचे छर्रे, चष्म्याचं जुनं भिंग, काड्यापेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, रिळं, जाड कागद आणि रबराची वेटोळी. पेटी म्हणजे मिठाईचा मोठा खोका.

कल्पना माझी नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गावच्या शाळांतली मुलं अशाच साध्या वस्तूंनी प्रयोग करत. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनियर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंकडे ‘यातून काय शिकवता येईल’ या नजरेने बघू लागले. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ तिथलाच. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. कृती arvindguptatoys.com वर फुकट बघायला मिळतात, त्यामुळे इथे मी कृती कमी सांगणार आहे आणि सामान कसं मिळवायचं ते जास्त.

गावात सगळे ओळखतात. तोंडी मागितलं तर चालत नाही का?

चालतं, एकदा. तुम्ही दुकानात उभं राहून सांगता तेव्हा समोर गिऱ्हाईक असतं. शेठ ‘हो हो बाई, बघतो’ म्हणतात आणि अर्ध्या तासात विसरतात. शिवाय सामान बाजूला काढून ठेवायचं काम मालक करत नाही, दुकानातला पोरगा करतो आणि तो तुमच्या बोलण्याच्या वेळी हजर नसतो. कागद गल्ल्यामागच्या खिळ्याला लावलेला असला की तो पोरगाही वाचतो.

आणखी एक कारण आहे. शाळेच्या नावाने बाजारात मागणी करणारे आम्ही एकटे नसतो. मंडळाची वर्गणी, भंडारा, स्पर्धेची बक्षिसं, सगळे येऊन गेलेले असतात. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक असला की दुकानदाराला कळतं की मागणी शाळेची आहे आणि ती पैशांची नाही. आम्ही आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेऊन ठराव केला. समितीतले एक पालक स्वतः टेलर आहेत, पहिली रिळं त्यांच्याकडूनच आली.

पत्रात ‘टाकाऊ साहित्य द्यावे’ एवढं लिहिलं तर?

पहिल्या वर्षी मी तेच लिहिलं होतं. ‘आपल्याकडील टाकाऊ साहित्य शाळेस देऊन सहकार्य करावे.’ बावीस दुकानांत पत्र वाटलं. दुकानदारांनी मनापासून सहकार्य केलं. तीन पोती भरून आली. त्यात जळालेल्या ट्यूबलाइट, चेपलेले तेलाचे डबे, दहा वर्षांपूर्वीच्या बिलांच्या फायली, गंजलेला तराजू आणि कापड दुकानातला एक हात मोडलेला पुतळा. पुतळा मुलांना फार आवडला, तो अजून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टोपी घालून उभा आहे. बाकीचं सगळं मलाच रिक्षा करून भंगारात घालावं लागलं.

चूक त्यांची नव्हती. ‘टाकाऊ’ म्हणजे काय हे आपण सांगितलं नाही, तर ज्याला जे टाकायचं असतं ते तो देतो. दुसऱ्या वर्षी मी प्रत्येक दुकानाला वेगळं पत्र लिहिलं. एका पत्रात एकच वस्तू, फार तर दोन. वस्तूचं त्यांच्या धंद्यातलं नाव, संख्या, ती कशासाठी हवी ते एका वाक्यात, आणि आम्ही कधी न्यायला येणार ती तारीख. बावीसऐवजी नऊच दुकानं घेतली आणि सात ठिकाणी हवं ते मिळालं.

नमुना द्याल का?

हे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाला दिलेलं पत्र. नावं काढली आहेत, बाकी जसंच्या तसं.

> जावक क्र. ____ दिनांक ____
>
> प्रति,
> मालक, ____ मोटर रिवाइंडिंग वर्क्स, बाजारपेठ, ____
>
> विषय: विज्ञान प्रयोगासाठी उरलेली इनॅमल तार मिळण्याबाबत
>
> स. न. वि. वि.
>
> आमच्या शाळेतील सहावी-सातवीची चाळीस मुले वर्गात स्वतःच्या हाताने छोटी विद्युत मोटर बनवणार आहेत. त्यासाठी 24 गेजची इनॅमल तार एकूण 20 मीटर लागेल. वजनाने ती 50 ग्रॅमच्या आत भरते. नवीन रिळाच्या शेवटी उरणारे, सव्वा मीटर किंवा त्याहून लांब तुकडे असले तरी चालतील. जळालेल्या मोटरमधून काढलेली तार मात्र या कामाला चालत नाही. सोबत नमुन्याचा तुकडा जोडला आहे.
>
> असे तुकडे एका पिशवीत बाजूला ठेवल्यास शुक्रवार दि. ____ रोजी दुपारी 3 वाजता शाळेच्या शिक्षिका व व्यवस्थापन समितीचे एक सदस्य येऊन घेऊन जातील. आपल्याला कोठेही पाठवण्याची गरज नाही. रोख रक्कम आम्ही स्वीकारत नाही.
>
> देणे शक्य नसल्यास तसे निःसंकोच सांगावे.
>
> आपली विश्वासू,
> मुख्याध्यापिका (सही व शिक्का)

खाली शाळेचा फोन नंबर. शिक्षिकेचा स्वतःचा नंबर देऊ नका. मी दिला होता आणि रात्री दहाला एकाने ‘बाई, जुना फ्रिज चालेल का’ विचारायला फोन केला.

नमुन्याचा तुकडा पत्राला चिकटपट्टीने लावणं हे सगळ्यात उपयोगी पडलं. शब्दांपेक्षा ती दोन इंचांची तार जास्त बोलते. सायकलवाल्याच्या पत्राला एक छर्रा लावला होता, टेलरच्या पत्राला रिकामं रीळ दोऱ्याने बांधलं होतं.

वस्तूंची संख्या कशी काढायची?

दुकानापासून सुरुवात करू नका, प्रयोगापासून करा. आधी ठरवा की मुलं वर्षात कोणते चार-पाच प्रयोग करणार. मग एका गटाला काय लागेल ते स्वतः एकदा करून बघा आणि आठने गुणा.

वरच्या पत्रातले वीस मीटर कसे आले ते सांगते. मोटरचं वेटोळं आम्ही टॉर्चच्या मोठ्या सेलवर गुंडाळतो. त्याचा घेर साधारण साडेदहा सेंटिमीटर. दहा वेढे म्हणजे एक मीटर आणि थोडं वर. दोन्ही बाजूंना आसासारखी टोकं सोडायची, म्हणून सव्वा मीटर. आठ गटांना दहा मीटर. पण पहिलं वेटोळं बिघडतंच, म्हणून दुप्पट धरून वीस. 24 गेजची तार मीटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे सगळी मिळून पंचेचाळीस ग्रॅम.

हा ग्रॅमचा हिशेब दुकानदारासाठी आहे. तांब्याची तार तो वजनावर विकत घेतो आणि तिचा भंगारही वजनावर विकतो. ‘वीस मीटर’ वाचून त्याला ती रिळभर वाटते, ‘पन्नास ग्रॅम’ वाचलं की तो हसतो. आमच्या मिस्त्रींनी पत्र वाचून विचारलं, ‘एवढंच? मला वाटलं पोतं मागताय.’ आणि तिथेच खणातून तुकड्यांचा गुंता काढून दिला.

जळालेली तार का नको? ती तर फुकट मिळते.

जळालेल्या मोटरची वायंडिंग काढतात तेव्हा तारेवरचं इनॅमल काळं पडून जागोजागी तडकलेलं असतं. अशी तार गुंडाळली की शेजारचे वेढे एकमेकांना उघडे लागतात आणि वीज दहा वेढ्यांतून न फिरता मधूनच पलीकडे जाते. शिवाय ती वाकवताना मोडते. मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं.

पंख्याची तारही नको. ती केसासारखी बारीक असते, वेटोळं केलं तर आकार धरत नाही. पाणबुडी मोटरची तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची येते, ती या कामाला जाड पडते. विहिरीवरच्या साध्या पंपाची मोटर भरणारा मिस्त्री गाठा.

आता तार चांगली असूनही मोटर का फिरत नाही, हेही इथेच सांगते, कारण त्याचे फोन सगळ्यात जास्त येतात. वेटोळ्याच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण गोल खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना लावून त्यांच्या भोकांत वेटोळं ठेवायचं, खाली चुंबक. वेटोळं अजिबात हललं नाही तर खरवडणं अपुरं आहे. ते नुसतं मागेपुढे डुलून थांबत असेल तर दोन्ही टोकं पूर्ण खरवडली गेली आहेत. अर्ध्या फेरीत वीज तुटायला हवी, नाहीतर चुंबक वेटोळ्याला पुढच्या अर्ध्या फेरीत उलटं ओढतो. अशा वेळी एक टोक अर्ध्या बाजूने नेलपॉलिशने रंगवा, वाळू द्या, चालतं. आणि वेटोळं थांबलेलं असताना सेल जोडलेला ठेवू नका, तार चटका लागेल इतकी तापते.

सायकलच्या दुकानातून काय मागायचं?

पंक्चर होऊन निकामी झालेल्या ट्यूब आणि मागच्या चाकातले छर्रे.

ट्यूब आडवी कापली की रबराची वेटोळी मिळतात, बाजारातल्या रबरबँडपेक्षा दणकट. ट्यूबला आतून पांढरी पूड असते, ती धुवून घ्या.

छर्ऱ्यांच्या बाबतीत ‘मागच्या चाकातले’ हे दोन शब्द पत्रात हवेतच. सायकलच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये छर्रे 3/16 इंची असतात आणि मागच्या चाकात पाव इंची. दुकानात ऑइलिंगच्या वेळी काढलेले सगळे एकाच डबीत पडतात. आमचा प्रयोग असा: प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या मधल्या खाचेत चार छर्रे एकमेकांना चिकटून ठेवायचे आणि पाचवा घरंगळत आणून त्यांच्यावर आपटायचा. पलीकडचा एकच सुटून पुढे जातो. दोन आपटले तर दोन सुटतात. पण त्यात एखादा छर्रा लहान मिसळला की हिशेब बिघडतो, आपटलेला मागे उसळतो किंवा दोन-तीन एकदम हलतात. पहिल्या खेपेला माझी फजिती झाली ती यामुळे. वर्गासमोर ‘आता बघा हं, एकच सुटेल’ म्हटलं आणि सगळे विखुरले. सातवीतल्या एका मुलीने छर्रे तळहातावर घेऊन सांगितलं, ‘बाई, हे दोन बारके आहेत.’ तिच्या वडिलांचं सायकलचंच दुकान आहे.

आठ गटांना पाच-पाच, म्हणजे चाळीस छर्रे. गोल आणि चकाकी असलेले निवडा, खड्डे पडलेले खाचेत अडखळतात. रॉकेलमध्ये बुडवून ग्रीस काढायचं आणि साबणाच्या पाण्याने धुवून लगेच पुसायचं. अंगणवाडीच्या मुलांपासून ही डबी लांब ठेवा, छर्रे तोंडात जातात.

व्हॉल्व्ह ट्यूब मात्र भंगार नव्हे. जुनी ट्यूब चिरलेली असते, तिचे सांधे टिकत नाहीत. दीड सेंटिमीटरचा एक तुकडा, गटाला चाळीस तुकडे, आठ गटांना पाच मीटरच्या आत. ती आम्ही विकत घेतो आणि पत्रात तसं लिहितो. विकत घ्यायची वस्तू दानाच्या यादीत घुसडली की दुकानदाराला लगेच कळतं.

चष्म्याच्या दुकानातून भिंगं खरंच मिळतात?

मिळतात, पण कोणती ते नीट सांगा. नव्या फ्रेममध्ये दाखवण्यापुरती बसवलेली काच दुकानदार काढून टाकतो, ती डबाभर मिळते आणि तिला नंबरच नसतो. आम्हाला पहिल्यांदा अशी साठ भिंगं मिळाली. मुलं उन्हात कागद धरून बसली, काहीच जमलं नाही.

पत्रात लिहायचं ‘अधिक नंबरची, अडीच ते चारच्या दरम्यानची जुनी भिंगं, चरे पडलेली चालतील, एकाच भिंगात दोन नंबर असलेली नकोत.’ वाचायच्या चष्म्याची ती असतात. गिऱ्हाईक नवा चष्मा नेताना जुना बऱ्याचदा दुकानातच टाकून जातं.

तपासायची पद्धत सोपी. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि मागेपुढे करा. खिडकीचं उलटं, लहान चित्र भिंतीवर उमटलं तर ते अधिक नंबरचं. उणे नंबरचं भिंग कितीही हलवा, चित्र उमटत नाही. चित्र ठळक होतं ते अंतर मोजलं की नंबरही कळतो. शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. पंचवीस सेंटिमीटर आलं तर नंबर चार, चाळीस आलं तर अडीच. खिडकी जवळ असेल तर अंतर थोडं जास्त येतं, म्हणून शक्य तितकी लांबची खिडकी किंवा मैदानापलीकडचं झाड घ्या. आमच्या मुलांनी काढलेले नंबर मी दुकानात नेऊन मशीनवर तपासून घेतले. आठांपैकी सहा बरोबर होते, बाकी दोन पाव-पाव नंबराने चुकले होते. दुकानदार दादांनी पुढच्या वर्षी न मागता भिंगं काढून ठेवली. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलं आहे.

चुंबक कुठून आणायचे?

रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानातून. फाटलेल्या स्पीकरमागे काळं, चकतीसारखं चुंबक असतं. ते दुकानदारालाच काढून द्यायला सांगा. घरी हातोडा घालून काढायला गेलात तर फुटतं, कारण ते चिनीमातीइतकं ठिसूळ. फुटलेला तुकडाही चुंबकच असतो, पण कडा धारदार होतात, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा.

संगणकाच्या हार्डडिस्कमधली चकचकीत चुंबकं कोणी आग्रहाने दिली तर नाही म्हणा. ती बोट चिमटतात, आणि लहान मुलाने अशी दोन गिळली तर पोटात आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना चिकटून बसतात. ते शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

एखादा दुकानदार म्हणाला, ‘भंगारवाला मला पैसे देतो, तुम्हाला फुकट का देऊ?’

त्याचं बरोबर आहे. पुठ्ठा, लोखंड, तांबं यांचा भाव ठरलेला असतो आणि महिन्याचा भंगारवालाही ठरलेला असतो. काही दुकानांत ते पैसे नोकराचा चहापाण्याचा खर्च असतात. तुम्ही पोतं मागितलंत तर त्या पोराच्या खिशात हात घालता, आणि तो दुसऱ्या वेळी पिशवी बाजूला ठेवायला विसरतो.

म्हणून मी अशा वस्तू मागते ज्यांना वजन नाही. रिळं, चिंध्या, भिंगं, लग्नपत्रिकांचे जुने नमुने यांना भंगारात जवळपास किंमत नसते. लग्नपत्रिकांचा तर विशेष. छपाईवाल्याकडे दरवर्षी नमुन्यांचं जुनं पुस्तक बाद होतं, आणि त्यातला जाड, गुळगुळीत कागद घड्या घालायला पुठ्ठ्यापेक्षा चांगला. पंखा, भिरभिरं, घनाकृती सगळं त्यातून होतं. ‘शुभविवाह’ छापलेला घन वर्गात हसू आणतो तेवढंच.

जिथे वस्तूला भाव आहे तिथे पाच-दहा नग मागा, किंवा सरळ भंगारवाल्याकडेच जा आणि भावाने घ्या. आमच्या भंगारवाल्या चाचांकडून मी स्पीकर विकत घेतले. पैसे दिले म्हणून त्यांनी वेळ देऊन चांगले निवडून दिले.

दुकानात कधी जावं?

भवानी व्हायच्या आत कधीच नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी फुकट मागणारं कोणी दारात आलं तर दुकानदार तोंडाने काही बोलत नाही, पण दिवसभर त्याच्या मनात राहतं. आठवडी बाजाराच्या दिवशीही नको. दुपारी दोन ते चार, वर्तमानपत्र उघडून बसलेले असतात तेव्हा.

वर्षातली वेळ म्हणाल तर गणपती उरकल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईच्या आधी. पत्र तेव्हा पोचलं पाहिजे, कारण साफसफाईत माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि दोन दिवसांत निघून जातं. दिवाळीनंतर दिलेल्या पत्राला ‘अरेरे, परवाच टाकलं हो’ हे उत्तर ठरलेलं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकू नका, त्यांचा हंगाम तोच.

न्यायला येण्याची तारीख दिली असेल तर पाऊस असो, प्रशिक्षण असो, कोणीतरी गेलंच पाहिजे. पिशवी दारात पडून राहिली की ती दुकानदाराची अडचण होते. एकदा मला केंद्रावर बैठकीला जावं लागलं आणि मी सोमवारी गेले. रिळांची पिशवी शनिवारीच कचऱ्याच्या गाडीत गेली होती.

मुलांना मागायला पाठवलं तर दुकानदार जास्त देतात, खरं का?

खरं असेल. तरी पाठवू नका. रहदारीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा दुसरा. पहिल्या वर्षी पोती शाळेत उघडून मुलांना निवडायला बसवलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई आली. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, ‘बाई, आम्ही भंगार वेचून याला शाळेत घातलाय. इथेही तेच?’ मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून गोळा करणं, धुणं, निवडणं हे काम आम्ही शिक्षक आणि समितीचे दोन सदस्य करतो. मुलांसमोर येते ती तयार पेटी. ‘भंगार’, ‘कचरा’ हे शब्दही वर्गात वापरत नाही, वस्तूला तिच्या नावाने बोलावतो. आणि त्या आई? स्पीकरचं चुंबक न फोडता कसं सोडवायचं ते त्यांनीच आम्हाला दाखवलं.

कोणत्या वस्तू दिल्या तरी घेऊ नयेत?

ट्यूबलाइट आणि सीएफएल, कारण आत पारा असतो. गाडीच्या बॅटऱ्या, त्यात शिसं आणि आम्ल. मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या, त्या पेट घेतात. औषध दुकानातून किंवा दवाखान्यातून आलेली वापरलेली सिरिंज, सुई नसली तरीही. हवेच्या दाबाच्या प्रयोगाला सिरिंज लागतेच, ती नवी विकत घ्या, महाग नसते. कीटकनाशकांचे आणि रंगाचे डबे कितीही धुतले तरी नकोत. आरशाच्या पट्ट्या फ्रेमवाल्याकडून घेतल्या तर कडा त्याच्याकडूनच घासून घ्या आणि मागे चिकटपट्टी लावा, म्हणजे फुटल्या तरी तुकडे पसरत नाहीत.

नको असलेली वस्तू दुकानातच नम्रपणे परत द्या. ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणून शाळेत आणली की ती पुढची पाच वर्षं जिन्याखाली राहते.

दुकानदाराने ‘80जीची पावती मिळेल का’ विचारलं तर?

मिळणार नाही, आणि ते लगेच सांगून टाका. आयकराच्या कलम 80जीची सवलत रकमेच्या देणगीला असते, वस्तूंना नाही. आम्ही शाळेच्या पत्रावर पोच देतो: काय मिळालं, किती, कोणत्या तारखेला. किंमत लिहित नाही. शाळेच्या साहित्य नोंदवहीतही तीच नोंद.

दुकानदारांना नंतर काय सांगायचं?

आभारपत्र पाठवा हवं तर, ते आम्हीही पाठवलं. पण मोटर रिवाइंडिंगच्या मिस्त्रींकडे मी पत्र नेलं नाही, मोटर नेली. सेल, दोन पिना, चुंबक आणि त्यांच्याच तारेचं वेटोळं गल्ल्यावर ठेवलं. ते फिरलं नाही. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वेटोळं उचललं, टोकाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘इनॅमल राहिलंय की इथे.’ खिशातल्या ब्लेडने दोन फटकारे मारले. मग समोरचं पंपाचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यांनी ते पाच मिनिटं फिरवलं. जाताना विचारलं, पुढच्या वर्षी पत्र द्यायला तुम्ही येणार की मीच तार शाळेत आणून देऊ.